ओव्हरकरंट ट्रिप आली म्हणून लगेच मोटर उतरवू नका

"व्हीएफडी स्टार्ट करताच ओव्हरकरंटवर ट्रिप होत असेल तर मोटर गेलेली असते. मेगर ठीक आला तर ॲक्सेलरेशन टाइम वाढवा. तेवढ्यानं भागलं नाही तर एक साइज मोठा ड्राइव्ह लावा."

असा सल्ला कुणी दिला तर थांबा. त्यातला आधी मोटरवरचा आळ घेऊ. ड्राइव्हला फक्त एवढंच कळतं की आउटपुटचा करंट मर्यादेबाहेर गेला. बहुतेक ड्राइव्हमध्ये ही मर्यादा रेटेड करंटच्या दुपटीच्या आसपास असते. तो करंट केबलमध्ये गेला की वायंडिंगमध्ये, हे त्याला सांगता येत नाही. ते आपल्यालाच एकेक जोडणी सोडून शोधावं लागतं, आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे.

सप्लाय बंद करा. डिस्प्ले विझला यावर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि डीसी बस मीटरनं मोजून खात्री करा. मग U, V, W वरून केबल सोडा, ड्राइव्ह साध्या V/f मोडवर ठेवा, आउटपुट फेज लॉसचं प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा आणि रिकामाच चालवा. तरीही ट्रिप आली तर दोष ड्राइव्हमध्येच आहे: आयजीबीटी किंवा करंट सेन्सर. ट्रिप आली नाही, तर पुन्हा तेवढीच काळजी घेऊन केबल ड्राइव्हला जोडा, पण मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ती सुटी ठेवा. टोकं नीट इन्सुलेट करा, कारण त्यांवर पूर्ण व्होल्टेज येणार आहे.

आता ट्रिप आली तर मोटर निर्दोष आहे. इन्सुलेशन फाटलेलं असेल, किंवा केबल नुसतीच फार लांब असेल. लांब शील्डेड केबल म्हणजे मोठा कपॅसिटर. प्रत्येक पल्सला ती चार्जिंग करंट ओढते आणि छोट्या ड्राइव्हला तेवढाही भारी पडतो. कॅरिअर फ्रिक्वेन्सी 12 वरून 4 किलोहर्ट्झवर आणा. ट्रिप थांबली किंवा विरळ झाली तर लांबीचा संशय धरा. आउटपुट चोक हा त्यावरचा उपाय. काहीच फरक पडला नाही तर केबलला मेगर लावा, पण दोन्ही टोकं सुटी करूनच. ड्राइव्हला जोडलेल्या केबलवर मेगर मारणं म्हणजे ड्राइव्ह घालवणं.

मोटर जोडल्यावरच ट्रिप येत असेल, तेव्हा तिच्याकडे वळा. मेगर अर्थशी इन्सुलेशन कसं आहे ते सांगतो, एकाच वायंडिंगच्या वेढ्यांमधला शॉर्ट दाखवत नाही. त्यासाठी तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मिलीओहम मीटरनं मोजून जुळतो का पाहा. मोजकेच वेढे शॉर्ट असतील तर तोही फरक दाखवेलच असं नाही. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्याही बघा: पाटीवर 230 डेल्टा, 400 स्टार असलेली मोटर 400 व्होल्टच्या ड्राइव्हवर डेल्टात जोडली, तर धडधाकट मोटरही सॅच्युरेट होऊन करंट ओढते.

ॲक्सेलरेशन टाइमचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. जड फॅन 15 हर्ट्झच्या पुढे गेल्यावर ट्रिप होत असेल तर तो बरोबर आहे. पण फॉल्ट रेकॉर्डमध्ये ट्रिपच्या क्षणाची फ्रिक्वेन्सी 0.5 हर्ट्झ दिसत असेल, तर रॅम्पचा प्रश्नच नाही. तिथे टॉर्क बूस्ट पाहा.

7.5 किलोवॅट, 415 व्होल्टची मोटर घ्या, पाटीवर साधारण 14.5 अँपिअर. दोन टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स 1.4 ओहम आला, म्हणजे फेजला 0.7. बूस्ट 10 टक्के ठेवला तर लाइनला 41.5 व्होल्ट, फेजला 24. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला करंट अडवायला मुख्यतः रेझिस्टन्सच उरतो:

```
24 / 0.7 ≈ 34 A
```

17 अँपिअरच्या ड्राइव्हची ही थेट दुप्पट झाली. बूस्ट 3 टक्क्यांवर आणला की हाच हिशेब 10 अँपिअरवर येतो. रॅम्प वाढवला असता तर मोटर त्याच 34 अँपिअरच्या टप्प्यात आणखी रेंगाळली असती. बेस फ्रिक्वेन्सी 50 ऐवजी 25 भरली गेली असेल तरी असंच होतं, कारण प्रत्येक हर्ट्झला दुप्पट व्होल्टेज मिळतो. आणि उलटा फिरत असलेल्या फॅनवर स्टार्ट दिलात, तर टाइम नव्हे, फ्लाइंग स्टार्ट चालू करा.

मोठ्या ड्राइव्हनं ट्रिपची मर्यादा तेवढी वर सरकते. वेढे शॉर्ट असतील तर आता त्यांच्यातून जास्त करंट जाईल आणि रिवाइंडिंगनं सुटणारी मोटर कोअरसकट जळू शकते. खरोखर जड स्टार्टिंग टॉर्कसाठी मोठा ड्राइव्ह लावायचा झालाच, तर मोटर रेटेड करंटच्या पॅरामीटरमध्ये पाटीवरचे 14.5 भरा. फॅक्टरीत भरलेला आकडा तसाच राहिला तर ओव्हरलोड प्रोटेक्शन ड्राइव्हच्या मापाचं होतं, मोटरच्या नाही.