सर, माझे शॉट गेले!

प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा बोर्डावर लागल्या की मला घरी जेवण जात नाही. परीक्षा माझी नसते. मी परभणीतल्या एका कॉलेजात संगणक विभागाचा प्रयोगशाळा सहाय्यक आहे. नेमणूकपत्रात यंत्रांची देखभाल असं काम लिहिलंय, पण मार्च-एप्रिलात मी मुख्यतः पोरांचं सांत्वन करतो.

दारात एक चेहरा येतो. डोळे लाल, हातात अर्धवट जर्नल. मी आवाज न ऐकताच ओळखतो.

“सर, माझे शॉट गेले!”

परवा जिंतूर रोडवरच्या गावातून एसटीनं येणारी तृतीय वर्षाची मुलगी आली होती. तिनं आदल्या दिवशी दुपारभर बसून डेटाबेसचे सगळे प्रयोग चालवले, प्रत्येकाच्या आउटपुटचा स्क्रीनशॉट घेतला, बावीस शॉट झाले. पाचची गाडी पकडायची म्हणून शहाण्या मुलीसारखं लॉगआउट केलं आणि गेली. सकाळी त्याच मशीनवर, त्याच नावानं लॉगिन केलं, तर फोल्डर रिकामा.

“काल तर व्हते की सर. म्या काहीच केलं नाही.”

“लॉगआउट केलंस ना?”

“हो. तुम्हीच तर भिंतीवर लिवून ठेवलंय, जाताना लॉगआउट करा म्हणून!”

खरंच लिहिलंय. मोठ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी. त्या सूचनेखाली दुसरी ओळ लिहावी असं दरवर्षी मनात येतं, पण पहिल्याच ओळीनं भिंतीची एवढी जागा खाल्लीय की रंगकामाशिवाय ते जमणार नाही, आणि रंगकामाचं टिपण ऑफिसात पडून आहे.

तर शॉट जातात कुठं? विंडोजवाले की दाबून PrtScn दाबलं की पडदा क्षणभर मंद होतो आणि चित्र आपोआप Pictures मधल्या Screenshots या फोल्डरात पडतं. कुठं ठेवू, असं कुणी विचारत नाही. पोरांना वाटतं, झालं, सेव्ह झालं. झालेलंही असतं. फक्त तो फोल्डर असतो C:\Users खाली, त्यांच्या लॉगिनच्या नावाच्या घरात, आणि आमच्या लॅबमध्ये ते घर दिवसापुरतंच असतं.

या घराला विंडोजच्या भाषेत प्रोफाइल म्हणतात, आणि आमच्याकडे सगळ्यांना एकच साचेबंद प्रोफाइल दिलंय. सर्व्हरवर त्याची मूळ प्रत आहे. त्यातल्या NTUSER.DAT फाइलचं नाव बदलून NTUSER.MAN केलं की विंडोजला कळतं, हे प्रोफाइल वापरायला द्यायचं, पण वापरणाऱ्यानं केलेले बदल परत न्यायचे नाहीत. लॉगिन केलं की तिची प्रत मशीनवर उतरते. लॉगआउट केलं की ती प्रत पुसून टाकायची, असं धोरणही आम्ही वर लावून ठेवलंय. लॉजवाल्यानं गिऱ्हाईक गेल्यागेल्या खोली धुवावी तसं. उशीखाली राहिलेलं पैंजण कुणाचं, हे तो विचारत बसत नाही.

हा दुष्टपणा का, असं पालकसुद्धा विचारून गेलेत. चाळीस मशीन, आणि एकेका मशीनवर दिवसातून कितीतरी पोरं. साचा लावण्याआधी प्रत्येक मशीनच्या पडद्यावर वेगळा हिरो होता, ब्राउझरला टूलबारांच्या मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, आणि सी ड्राइव्ह लग्नाच्या व्हिडिओंनी फुगलेला होता. शिवाय एक फायदा पोरांच्या लक्षातच येत नाही. जीमेल उघडं टाकून निघून जाणारे रोज सापडतात. ब्राउझरमधलं ते लॉगिनही प्रोफाइलमध्येच असतं, त्यामुळे विंडोजमधून बाहेर पडलं की तेही पुसलं जातं. पुढच्याला त्यांची पत्रं वाचायला मिळत नाहीत. याबद्दल आजवर एकानंही माझे आभार मानलेले नाहीत.

“पण सर, मी डेस्कटॉपवर पण ठेवले होते. दोन जागी!” ती मुलगी म्हणाली.

डेस्कटॉपवर पोरांचा फार विश्वास. डोळ्यासमोर दिसतंय, म्हणजे जाणार कुठं? पण Desktop, Documents, Downloads, Pictures ही चारही भावंडं त्याच C:\Users च्या वाड्यात राहतात. वाडा पडला की चौघंही गेले. मग तिनं तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात, “रिसायकल बिनमध्ये बघू का?” बघ म्हटलं. विंडोज प्रोफाइल पुसतं तेव्हा फायली बिनमध्ये टाकत नाही. बिन रिकामं होतं. तरी तिनं दोनदा उघडून पाहिलं.

आपली लॅब असली आहे का, हे शॉट जायच्या आधी कळतं. नव्या लॉगिनमध्ये पहिला शॉट घ्यायचा आणि त्याचं नाव बघायचं. रोज Screenshot (1).png असंच नाव येत असेल, तर समजावं. साध्या मशीनवर तुम्ही जुने सगळे शॉट उडवले तरी पुढचा आकडा पुढंच जातो, कारण हा हिशेब फोल्डरमध्ये नसतो. विंडोज वापरणाऱ्याच्या सेटिंग ज्या वहीत लिहून ठेवतं त्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच NTUSER फाइलमध्ये तो असतो. रजिस्ट्रीच रोज कोरी होत असेल तर मोजणी रोज एकपासून. त्या मुलीला मी हे दाखवलं. तिनं शॉट घेतला, नाव वाचलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच रोज रात्री येऊन आकडा मागं फिरवतो.

दुसरी खात्री Pictures वर उजवी टिचकी मारून Properties मधल्या Location मध्ये मिळते. तिथं C:\Users नं सुरू होणारा पत्ता असेल तर वर सांगितलेला वाडा. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरच्या नावाचा पत्ता असेल, तर प्रशासकानं तो फोल्डर आधीच सर्व्हरकडं वळवलाय, चिंता नको. आमच्याकडे वळवलेला नाही. का नाही, ते वरिष्ठांना विचारा.

मग ठेवायचं कुठं? आमच्या This PC मध्ये Z: नावाची ड्राइव्ह दिसते. ती मशीनमध्ये नसते, सर्व्हरवर असते, आणि ज्याचा रोल नंबर त्याचाच फोल्डर उघडतो. चाळीसपैकी कुठल्याही मशीनवर बसा, तीच दिसते. त्या मुलीला मी खुर्चीत बसवलं आणि क्रम उलटा करायला लावला. आधी शॉट आणि मग ठेवायची जागा, असं नाही. आधी जागा. रिकामी वर्ड फाइल उघडायची, काही लिहायच्या आधीच ती Z: मध्ये journal नावानं सेव्ह करायची. मग क्वेरी चालवायची, विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबून फक्त आउटपुटचा चौकोन ओढायचा, वर्डमध्ये येऊन कंट्रोल व्ही, लगेच कंट्रोल एस. चित्र फाइलच्या पोटातच बसतं, वेगळी पीएनजी सांभाळावी लागत नाही. कंट्रोल एस मात्र दरवेळी. वर्डचं आपोआप वाचवून ठेवलेलंही प्रोफाइलमध्येच असतं, तेही सोबतच जातं.

दोन प्रयोग झाल्यावर मी म्हटलं, “आता लॉगआउट कर.”

“सर, नको ना!”

तिचा हात थरथरायला लागला. तरी करायला लावलं, आणि मुद्दाम खिडकीजवळच्या दुसऱ्या मशीनवर बसवलं. Z: उघडली, फाइल उघडली, दोन्ही आउटपुट जागच्या जागी. ही परीक्षा बावीस शॉट घेतल्यावर देऊ नये, एकावरच द्यावी.

Z: लाही मर्यादा आहे. प्रत्येकाला ठरावीक जागा मिळते, आणि ती भरली की सेव्हच होत नाही. भरते ती जर्नलनं नव्हे. एका विद्यार्थ्याच्या फोल्डरात मला ‘प्रॅक्टिकल’ नावाच्या फाइलमध्ये सैराट बघायला मिळाला.

काही हुशार पोरं D: वर ठेवतात. ते लॉगआउटनं जात नाही, खरं आहे. पण ती ड्राइव्ह सगळ्यांची. तिथं एकानं ‘हात लावू नका’ नावाचा फोल्डर केला होता, त्याला सगळ्यात आधी हात लागला. आणि फाइल त्या एकाच मशीनवर असते. परीक्षेच्या दिवशी तिथं दुसराच बसलेला असतो, आणि तो उठत नाही.

पेनड्राइव्हचं विचारू नका. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात. म्हणून आम्ही यूएसबीच बंद केलंय. स्वतःला मेल करणं चालतं, फक्त मेल पाठवून झाल्यावर ती पोचली का, हे फोनवर बघून मगच उठावं.

शेजारच्या लॅबची तऱ्हा वेगळी. तिथं मशीन रीस्टार्ट झालं की मूळपदावर आणणारं सॉफ्टवेअर आहे. तिथं लॉगआउट केलं तरी फाइल राहते. पोरं करून बघतात, राहिली म्हणतात, निर्धास्त होतात. मग दुपारी लाइट जाते, यूपीएस थोडा वेळ टिटीट करतो, आणि मशीनसोबत पोरांचा निर्धास्तपणाही बंद पडतो.

या सगळ्याला कंटाळून काहींनी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून जर्नलात चिकटवायला सुरुवात केली. गेल्या वर्षी बहिःस्थ परीक्षकांनी एक जर्नल उघडून बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “या क्वेरीच्या आउटपुटमध्ये सीलिंग फॅन कसा आला?”

हेच परीक्षक नांदेडहून आले होते. सकाळी तोंडी घेता घेता गुण एक्सेलमध्ये भरत होते. मी हळूच म्हणालो, “सर, झेडमध्ये सेव्ह करा.” ते म्हणाले, “अहो, पंधरा वर्षं हाच विषय शिकवतोय मी.” गुणांची फाइल डेस्कटॉपवर ठेवली, भिंतीवरची माझी सूचना वाचली, नियमाप्रमाणे लॉगआउट केलं आणि जेवायला गेले.

दुपारी त्यांनी एकेक पोराला पुन्हा आत बोलावलं. पोरांना वाटलं, परत तोंडी. बाहेर व्हरांड्यात घोकंपट्टी सुरू झाली. आत सर मात्र प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, “तुला सकाळी मी किती दिले होते रे?”

वीसपैकी अठराच्या खाली कुणालाच आठवेना.