सीटीआर घसरला म्हणजे थंबनेल वाईट, असे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

यूट्यूब व्हिडिओंचा सीटीआर, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसले त्यापैकी किती टक्के वेळा त्यावर क्लिक झाले तो दर, याविषयीच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिले:

“सीटीआर निम्म्यावर आला तरी थंबनेलला हात लावू नका, हा सल्ला नवख्यांची दिशाभूल करणारा आहे. लोक क्लिक करत नाहीत म्हणजे थंबनेल कमजोर, इतके सरळ आहे. आकडे तक्त्यात द्यायचे सोडून पाल्हाळ लावले आहे. स्वतः कधी चॅनेल चालवले आहे का?”

महोदय,

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘दिशाभूल’ या शब्दाने आपण माझ्या हेतूवरच शंका घेतली आहे, आणि लेख नीट वाचून मग तो वापरला असता तर बरे झाले असते. आकडे तक्त्यात अधिक सोयीचे झाले असते, हे मान्य. चॅनेलचे विचारलेत म्हणून सांगतो: मी अनेक वर्षे स्वतःचे चॅनेल चालवतो आहे, इतरांचे ॲनालिटिक्सही पाहत आलो आहे, आणि लेखातले उदाहरण त्यातलेच आहे.

त्या उदाहरणातल्या, सायकलची चेन बदलण्याच्या व्हिडिओला पहिल्या दोन दिवसांत १०,००० इम्प्रेशन्सवर, म्हणजे थंबनेल तितक्या वेळा लोकांसमोर आल्यावर, ८ टक्के दराने ८०० क्लिक मिळाले. आठवड्याअखेर इम्प्रेशन्स ६०,००० झाली आणि सीटीआर ४ टक्क्यांवर उतरला. क्लिक मात्र २,४०० झाले होते. म्हणजे नंतरच्या ५०,००० इम्प्रेशन्सवर दर ३.२ टक्के पडला. ही इम्प्रेशन्स बहुतांशी होम पेजवरची, चॅनेल ठाऊक नसलेल्या लोकांसमोरची होती. सर्चमधून येणाऱ्यांचा दर जागचा हलला नव्हता. थंबनेल तेच आणि शीर्षकही तेच असताना बदलला होता तो प्रेक्षक.

आता याला रिटेन्शनची, म्हणजे व्हिडिओ सुरू केलेल्यांपैकी किती जण पाहत राहतात याची, जोड द्या. होमवरून आलेल्यांपैकीही तिसाव्या सेकंदाला ७० टक्के लोक टिकून होते, तेव्हा शीर्षकाने दिलेले आश्वासन व्हिडिओ पाळत होता. अर्थात केवळ एवढ्यावरून थंबनेल निर्दोष ठरत नाही, कारण कमी क्लिक येतात तेव्हा आलेले लोक मुळातच जास्त उत्सुक असतात आणि आलेख चांगला दिसतो. म्हणूनच त्याच चॅनेलच्या इतर व्हिडिओंचा होमवरचा दर, साधारण तितक्याच इम्प्रेशन्सवर, ताडून पाहिला. तोही ३ टक्क्यांच्या आसपासच होता. तो ५ असता, तर थंबनेल बदला असे मीच सांगितले असते. सर्चमधला दर पडला असता, तर आधी शीर्षकाकडे पाहिले असते, कारण तिथे लोक आपल्या प्रश्नाचे शब्द शोधत असतात.

उलट सीटीआर ९ टक्के आणि तिसाव्या सेकंदाला जेमतेम ३५ टक्के लोक उरलेले, असे असेल तर थंबनेल बदलून काहीच साधणार नाही. शीर्षकात सांगितलेली गोष्ट व्हिडिओत कोणत्या मिनिटाला सुरू होते ते पाहावे. ती तिसऱ्या मिनिटाला येत असेल तर प्रस्तावना कापावी, आणि मुळीच येत नसेल तर शीर्षक बदलावे.

पाल्हाळाच्या आरोपाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.