दर वर्षी एसीत गॅस भरायचा तो कशासाठी?

«एक सीझन चालला की एसीतला गॅस थोडा उतरतोच. दर सर्व्हिसिंगला टॉप-अप मारून घ्या, नाहीतर कूलिंग पडतं आणि बिल चढतं. थोडा जास्त गेला तरी नुकसान काही नाही.»

या सल्ल्यातलं पहिलं वाक्यच चुकीचं आहे. एसीतला गॅस जळत नाही की झिजत नाही. कॉम्प्रेसर, दोन कॉइल आणि तांब्याच्या नळ्या मिळून एक बंद चक्र होतं आणि त्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेलेला आहे. ती जागा न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेनं जाणार.

स्प्लिट एसीत ही जागा बरेचदा फ्लेअर नटची असते, म्हणजे दोष बसवतानाचा असतो. तिथे नळीचं तोंड फुलवून नट आवळतात. नळी तिरकी कापली गेली, कापताना पडलेला तांब्याचा कीस आत राहिला किंवा नट अंदाजानं आवळला की सांधा हळूहळू गळतो. पाव इंची नळीच्या नटाला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. जास्त लावला तर फुलवलेली कड चिरते, म्हणून टॉर्क पाना वापरायला हवा. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर संशय घ्यावा. साबणाच्या फेसाची चाचणी एसी बंद असताना करावी, कारण तेव्हा जाड नळीतला दाब कूलिंग चालू असतानापेक्षा जास्त असतो आणि बुडबुडे लवकर दिसतात.

जादा गॅस खरोखर लागतो तो बसवतानाच, तोही नळी कंपनीनं ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर. दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे हे इन्स्टॉलेशनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आता कूलिंगचं. एसी 16 ते 18 अंशांवर लावून, पंखा जोरात ठेवून पंधरा मिनिटं चालू द्या. मग इनडोअर युनिटमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. समजा आत जाणारी हवा 28 अंश आहे आणि बाहेर येणारी 22, म्हणजे फरक फक्त 6 अंशांचा. साधारणपणे तो 8 ते 12 असतो. हवा फार दमट असली तर कमी भरतो. इथे लगेच गॅसकडे वळू नका. फिल्टर धुवा, आउटडोअर युनिटची जाळी पाण्यानं साफ करा आणि पुन्हा मोजा. फरक 11 वर गेला तर गॅस व्यवस्थित आहे, दोष धुळीचा होता. तो 6 वरच अडला आणि आउटडोअरच्या वॉल्व्हजवळ बारीक नळीवर बर्फ धरू लागला, तर गळतीची शंका रास्त आहे. इनडोअरची अख्खी कॉइल गोठली आणि वारा मंद येत असेल, तर आधी फिल्टर आणि पंख्याचं चाक बघावं. दाबाच्या नुसत्या एका आकड्यावर विसंबू नये: इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो, शिवाय प्रत्येक वेळी गेज लावताना थोडा गॅस निसटतोच.

बिलाचा हिशेबही असाच. एसी सरासरी 0.7 किलोवॉट घेत रोज 8 तास चालला, तर 120 दिवसांत 672 युनिट होतात. कॉइलवर धूळ बसून तीच सरासरी 0.85 वर गेली तर 816. हे 144 जादा युनिट गॅस भरून वाचणार नाहीत, ते कॉइल धुऊनच वाचतात.

आणि जास्त भरल्यानं नुकसान होतं. समजा नेमप्लेटवर 0.80 किलो लिहिलेलं आहे आणि भरलेल्या यंत्रात वर 150 ग्रॅम सोडले. ही जवळजवळ 19 टक्के वाढ झाली. आउटडोअर कॉइलमधला दाब चढतो, कॉम्प्रेसर जादा वीज खातो, आणि द्रवरूप गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये आला तर त्याच्या सुट्या भागांवर घाव बसतो.

गळती सापडली असेल तर काम याच क्रमानं व्हायला हवं: उरलेला गॅस काढून घेणं, सांधा नव्यानं करणं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहणं, व्हॅक्यूम पंपानं हवा आणि ओल खेचून नळीतला दाब 500 मायक्रॉनखाली आणणं, आणि मग नेमप्लेटवरचं वजन काट्यावर मोजून गॅस सोडणं. पंप न लावता गॅस सोडूनच नळीतली हवा हाकलली तर ओल आत राहते. आर-32 आणि आर-410ए या गॅसांसोबतच्या तेलात ती मिसळली की आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. मेकॅनिककडे वजनकाटा नसेल तर त्या दिवशी गॅस भरू देऊ नका.