बादलीभर पाण्याने कार्बन मोनॉक्साइड कमी होत नाही

“गॅस गिझरच्या पाण्याने अंघोळ केल्यावर डोके दुखले किंवा झोप आली तर घाबरू नका, गरम पाण्याने बीपी उतरते. लिंबू सरबत घेऊन तासभर झोपा. गॅस गळत असता तर वास आला असता. तरीही भीती वाटत असेल तर बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवा, विषारी गॅस पाण्यात विरघळतो. सर्वांना पाठवा.”

हा संदेश माझ्या मावशीने विश्वासाने पाळला. दार-खिडकी घट्ट लावून अंघोळ केल्यावर तिचे डोके ठणकू लागले, तेव्हा ती सरबत पिऊन झोपायला गेली. घरच्यांनी तिला वेळीच उठवून मोकळ्या हवेत नेले, पण बादली मात्र त्यानंतरही बाथरूममध्ये तशीच ठेवलेली होती, म्हणून सुरुवात बादलीपासूनच करतो.

संदेशातला विषारी गॅस म्हणजे गिझरमुळे साचणारा कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे ५.४ घनमीटर हवा मावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरातील हवेत या वायूचे प्रमाण पंधरा मिनिटांसाठी दर घनमीटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. आपल्या बाथरूममध्ये ही मर्यादा गाठायला जेमतेम अर्धा लिटर वायू पुरतो. एवढा वायू हवेत असताना पंधरा लिटरची बादली त्यातला फार तर ०.०३ मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढाही नव्हे, इतकाच सामावून घेऊ शकते. बाकी सगळा हवेतच राहतो आणि श्वासावाटे शरीरात जात राहतो. ज्या उपायाने धोका तसूभरही कमी होत नाही आणि माणूस मात्र निर्धास्त होऊन दार लावून घेतो, तो उपाय नसण्यापेक्षा वाईट आहे.

हा वायू येतो कुठून, तेही पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी त्याला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीत तो तीन घनमीटरांहून अधिक हवा वापरतो, आणि धुराडे नसेल तर जळालेली हवा त्याच खोलीत परत सोडतो. फटींतून येणारी हवा अपुरी पडली की ऑक्सिजन घटतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. निळी ज्योत पिवळी पडणे किंवा काजळी धरणे ही त्याची खूण आहे, पण ज्योत निळी दिसली म्हणून धोका नाही असे समजू नये.

वासाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य ज्योतीत जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि रंगही नाही.

गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो आणि सुस्ती येते, एवढे मात्र खरे आहे. परंतु अशी चक्कर आडवे झाल्यावर सहसा काही मिनिटांत ओसरते. डोके ठणकत राहिले, मळमळ होऊ लागली, एकापाठोपाठ अंघोळ केलेल्या घरातील इतरांनाही तोच त्रास झाला, किंवा बाहेरून आणलेल्या गरम पाण्याने अंघोळ केल्यास तो होत नाही असे दिसले, तर संशय गिझरवरच घ्यावा.

सरबत पिऊन झोपण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण झोपेत बेशुद्धी कोणाच्या लक्षात येत नाही. हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने हिमोग्लोबिनला चिकटतो. साध्या हवेत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तास-दीड तास. म्हणून त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत न्यावे, गिझर आणि सिलिंडर बंद करावेत आणि तिला रुग्णालयात न्यावे. तिथे “गॅस गिझर चालू असताना बंद बाथरूममध्ये अंघोळ केली होती” हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगावेत. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८ किंवा ९९ दाखवू शकतो, कारण त्याला हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की हा वायू, हे ओळखता येत नाही. निदानासाठी रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन, तपासावे लागते आणि उशीर झाला की तेही उतरलेले असते.

एक्झॉस्ट पंख्यावरही विसंबू नये, कारण बाहेरून हवा आत यायला जाळी किंवा झरोका नसेल तर तो पुरेशी हवा खेचू शकत नाही. गॅस गिझर बाथरूमबाहेर, उघड्या बाल्कनीत बसवून नळीने फक्त पाणी आत आणावे. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, खोलीत हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला आत जावे.