न्यूयॉर्क–लंडन: येताना लागणारा जादा तास पृथ्वीमुळे नाही

“पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला जाताना विमानाला तिचा धक्का मिळतो आणि येताना तेवढाच विरोध होतो. जाऊन-येऊन हिशेब बरोबरीत सुटतो. प्लॅन करताना सरासरी धरली की झालं,” असा एक दावा केला जातो.

लंडनच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,040 किमी वेगाने पूर्वेकडे सरकते. प्रवासी विमान ताशी 900 च्या आसपास उडतं. तो वेग खरोखर विमानातून वजा होत असता, तर लंडनहून अमेरिकेला निघालेलं विमान उलटं युरोपात पोहोचलं असतं! धावपट्टीवरचं विमान आणि भोवतालची हवा आधीपासूनच जमिनीबरोबर फिरत असतात, म्हणून तो वेग हिशेबात येतच नाही. शिवाय पृथ्वी बाराही महिने एकाच गतीने फिरते, पण या मार्गावरचा फरक रोज बदलतो आणि हिवाळ्यात वाढतो.

खरं कारण आहे जेट स्ट्रीम, साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. हा वारा पूर्वेकडे वळतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. दाव्यात एवढंच तथ्य आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान याच वाऱ्यावर स्वार होऊन 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी वेळापत्रकात जाताना सुमारे 7 तास आणि येताना सुमारे 8 तास धरलेले असतात.

बरोबरीचा हिशेब तर साध्या भागाकारानेच मोडतो. अंतर 5,500 किमी आणि विमानाचा वेग 900 धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन 12 तास 13 मिनिटं लागतील. आता ताशी 150 चा वारा सुरू करा: जाताना 1,050 च्या वेगाने 5 तास 14 मिनिटं, येताना 750 च्या वेगाने 7 तास 20 मिनिटं. बेरीज 12 तास 34 मिनिटं. जाताना वाचली 52 मिनिटं, येताना गेली 73, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. (प्रत्यक्षात वारा वाटभर सारखा नसतो, पण तोटा होतो तो याच कारणाने.)

म्हणून विमान कंपन्या सरासरीवर चालत नाहीत. इंधन त्या-त्या दिवशीच्या वाऱ्यावरून ठरतं. अटलांटिकवरचे मार्गही दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात: पूर्वेकडे जाणारे जेट स्ट्रीम पकडतात, पश्चिमेकडचे ती टाळून अनेकदा आणखी उत्तरेकडून जातात. अंतर वाढतं, वेळ वाचतो.

प्रवाशाने जादा वेळ राखायचा तो येतानाच्या बाजूला. जानेवारीत न्यूयॉर्कला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर दोन विमानांमध्ये उन्हाळ्यात पुरलेला वेळ पुरेलच असं नाही. त्याच फ्लाइटच्या गेल्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष पोहोचण्याच्या वेळा बघून कनेक्शन निवडा. लंडनला लवकर पोहोचण्यावर मात्र काही बेतू नका, कारण गेट मोकळं नसेल तर वाचलेली मिनिटं जमिनीवर थांबण्यातच जातात.