‘मर्यादा काढणं’ म्हणजे दोन टोकं लिहून मोकळं होणं नव्हे

«इंटिग्रल सुटत नसेल तर फंक्शनची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत घ्या, रुंदीने गुणा, दोन टोकं लिहा, मार्क घ्या. त्यातून हाताला काही लागत नाही, ते फक्त परीक्षेपुरतं. कुठलं फंक्शन मोठं हे आलेख बघून कळतंच, आणि असमानता दोन्ही बाजूंना गुणली की झालं. खरी किंमत हवी असेल तर कॉम्प्युटर आहे. अंदाजाने आजवर काही सिद्ध झालेलं नाही.»

हा मजकूर माझ्याकडे या वर्षी तीन वेगवेगळ्या मुलांकडून आला. तिघंही हुशार आहेत आणि तिघांनाही तो पटला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

लहान-मोठी किंमत आणि रुंदी

∫₀¹ e^(−x²) dx घेऊ. याचं अँटिडेरिव्हेटिव्ह नेहमीच्या फंक्शनांत लिहिता येत नाही. ० ते १ मध्ये e^(−x²) ची सर्वांत मोठी किंमत १, सर्वांत लहान १/e. म्हणजे इंटिग्रल साधारण ०.३७ आणि १ यांच्या मधे. हे खरं आहे, पण फार सैल आहे. सैल होण्याचं कारण असं की स्थिर संख्या फंक्शनचा एकच बिंदू बघते, सर्वांत वाईट तो. बाकीचा सगळा आलेख वाया जातो.

स्थिर संख्येच्या जागी फंक्शन ठेवलं की चित्र बदलतं. आणि ते फंक्शन शोधायला प्रतिभा लागत नाही, इंटिग्रल घेण्याची तीच क्रिया पुन्हा पुन्हा वापरली की झालं. t ≥ 0 असेल तर e^(−t) ≤ 1 हे सगळ्यांना माहीत आहे. याच असमानतेचं ० पासून t पर्यंत इंटिग्रल घ्या. डावीकडे 1 − e^(−t) येतं, उजवीकडे t. म्हणजे e^(−t) ≥ 1 − t. आता या नव्या असमानतेचं पुन्हा तसंच इंटिग्रल घ्या: e^(−t) ≤ 1 − t + t²/2. पुन्हा घेतलं की e^(−t) ≥ 1 − t + t²/2 − t³/6. दर वेळी बाजू बदलते, खालची मर्यादा, वरची, पुन्हा खालची.

आता t च्या जागी x² ठेवा आणि ० ते १ इंटिग्रल घ्या. उरतात फक्त x च्या घातांची इंटिग्रलं, ती तोंडी होतात.

```
≥ 1 − 1/3                           = 0.6667
≤ 1 − 1/3 + 1/10                    = 0.7667
≥ 1 − 1/3 + 1/10 − 1/42             = 0.7429
≤ 1 − 1/3 + 1/10 − 1/42 + 1/216     = 0.7475
≥ मागचं − 1/1320                     = 0.7467
```

पाच ओळींत इंटिग्रल ०.७४६७ आणि ०.७४७५ यांच्या मधे अडकलं. खरी किंमत ०.७४६८ च्या आसपास आहे. कॅल्क्युलेटर फक्त अपूर्णांकांच्या बेरजेला लागला.

ही युक्ती कुठे थांबते तेही सांगायला हवं. वरची सीमा १ ऐवजी ३ घेतली तर 1 − x² + x⁴/2 ही वरची मर्यादा 3 − 9 + 24.3, म्हणजे १८.३ देते. नुसतं e^(−x²) ≤ 1 म्हणून ३ मिळत होते! असमानता चुकलेली नाही, ती फक्त निरुपयोगी झाली आहे, कारण बहुपदी शून्याजवळच फंक्शनला चिकटून असते. म्हणून नवी मर्यादा मिळाली की आधीच्या साध्या मर्यादेशी एकदा ताडून बघावी. ती वाईट निघाली तर अंतराल तोडायची वेळ आली आहे.

‘आलेख बघून कळतं, आणि गुणलं की झालं’

सगळ्यात जास्त वह्या इथे चुकतात. चूक दिसायला इतकी निरागस असते की मी स्वतःही एकदा फळ्यावर ती तशीच पुढे जाऊ दिली होती, मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला म्हणून थांबलो.

प्रश्न होता ∫₋₁¹ x·e^x dx ची वरची मर्यादा. वहीत असं होतं: या अंतरालात e^x ≤ e. दोन्ही बाजूंना x ने गुणू, x·e^x ≤ e·x. उजव्या बाजूचं −१ ते १ इंटिग्रल शून्य. म्हणून उत्तर शून्य किंवा शून्याहून कमी.

हे इंटिग्रल सुटणारं आहे, त्यामुळे लगेच पडताळता येतं. x·e^x चं अँटिडेरिव्हेटिव्ह (x − 1)·e^x, त्यामुळे उत्तर 2/e, साधारण ०.७३६. धन आहे! गडबड गुणाकारात आहे. x ऋण असताना असमानतेची दिशा उलटते, आणि −१ ते ० हा अर्धा भाग ऋणच आहे. आलेख बघून हे लक्षात येत नाही, कारण आपण e^x आणि e यांचा आलेख बघतो, गुणाकाराचा नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. पहिली, शून्यावर तोडा. ० ते १ मध्ये x·e^x ≤ e·x, त्याचं इंटिग्रल e/2. −१ ते ० मध्ये e^x ≥ 1/e असल्याने, x ऋण म्हणून, x·e^x ≤ x/e, त्याचं इंटिग्रल −1/(2e). बेरीज साधारण १.१८. बरोबर आहे, पण ढोबळ आहे.

दुसरी मला जास्त आवडते. तोडण्याऐवजी जोड्या लावा. x आणि −x इथल्या किमती एकत्र केल्या की इंटिग्रल ∫₀¹ x·(e^x − e^(−x)) dx असं होतं. x धन असताना e^x − e^(−x) ≥ 2x, म्हणून इंटिग्रल किमान 2/3. ही वरची नाही, खालची मर्यादा आहे, पण ‘शून्याहून कमी’ हे उत्तर ती एका फटक्यात खोडते. खऱ्या ०.७३६ च्या किती जवळ! आता x कुठेच ऋण नाही, त्यामुळे गुणायला भीती नाही.

वही तपासताना मी एकच जागा बघतो: असमानतेला ज्याने गुणलंय, त्याचं चिन्ह पूर्ण अंतरालात एकच आहे का. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. आणखी एक, फक्त दोन टोकांशी f ≤ g तपासून ‘मधेही असणारच’ असं लिहिणं. टोकांवरून मधलं कळत नाही, g − f चा डेरिव्हेटिव्ह बघावा लागतो.

कॉम्प्युटर

कॉम्प्युटर इंटिग्रल बघत नाही, तो ठरावीक बिंदूंवर फंक्शनची किंमत विचारतो आणि मधलं गृहीत धरतो. ∫₀¹ sin²(100πx) dx साठी हे चालवून बघा:

```
from math import sin, pi
n = 100
h = 1 / n
print(h * sum(sin(100*pi*k*h)**2 for k in range(n)))
```

उत्तर जवळजवळ शून्य येतं. खरं उत्तर १/२ आहे. शंभर बिंदू नेमके तिथेच पडले जिथे sin शून्य होतो, आणि प्रोग्रॅमने कसलीही तक्रार केली नाही. बिंदू वाढवले की हे उघडं पडतं, पण किती वाढवायचे हे प्रोग्रॅम सांगत नाही. असमानता मात्र एका ओळीत सांगते की शून्य येणं अशक्य आहे: प्रत्येक उंचवट्याच्या मधल्या अर्ध्या भागात sin² किमान १/२ असतो, म्हणून इंटिग्रल किमान अर्ध्याचा अर्धा, १/४.

आता अंतराल अनंतापर्यंत जात असेल तर? ∫₀^∞ e^(−x²) dx साठी कुठेतरी थांबून उरलेलं शेपूट सोडावं लागतं. समजा ३ वर थांबलो. सोडलेलं शेपूट किती मोठं आहे हे बिंदू मोजून कळणार नाही, ते असमानतेनेच बांधावं लागतं. इथली युक्ती बघण्यासारखी आहे. x ≥ 3 असताना x/3 ≥ 1, म्हणून

e^(−x²) ≤ (x/3)·e^(−x²)

फंक्शन आपण मुद्दाम मोठं केलं, आणि मोठं केल्यामुळेच ते सुटायला लागलं! x·e^(−x²) चं अँटिडेरिव्हेटिव्ह −e^(−x²)/2, त्यामुळे शेपूट जास्तीत जास्त e^(−9)/6, साधारण ०.००००२०६. खरी किंमत ०.००००१९६ च्या घरात. म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर हवं असेल तर ३ वर थांबायला हरकत नाही, आणि ही परवानगी कॉम्प्युटरने दिलेली नाही. ० ते ३ चा भाग तो आनंदाने मोजू दे.

‘काही सिद्ध झालेलं नाही’

शाळेत π म्हणून आपण २२/७ घोकतो. खरा π त्याहून मोठा की लहान? डाल्झेल यांनी १९४४ साली हे इंटिग्रल मांडलं:

∫₀¹ x⁴(1 − x)⁴/(1 + x²) dx

भागाकार करून बघा, x⁶ − 4x⁵ + 5x⁴ − 4x² + 4 − 4/(1 + x²) येतं. इंटिग्रल घेतलं की पहिल्या पाच पदांचे मिळून २२/७ होतात आणि शेवटच्या पदाचा π. म्हणजे इंटिग्रलची किंमत 22/7 − π. आतलं फंक्शन ० आणि १ च्या मधे सगळीकडे धन आहे, म्हणून इंटिग्रल धन, म्हणून π हा २२/७ पेक्षा लहान. सिद्ध झालं, आणि π चा एकही दशांश माहीत असावा लागला नाही.

किती लहान, तेही इथेच मिळतं. ० ते १ मध्ये 1/(1 + x²) हा १/२ आणि १ यांच्या मधे असतो. त्याने ज्याला गुणायचं ते x⁴(1 − x)⁴ ऋण होत नाही, त्यामुळे मघाची चूक होण्याचा प्रश्न नाही. x⁴(1 − x)⁴ चं इंटिग्रल १/६३०. म्हणून

1/1260 < 22/7 − π < 1/630

म्हणजेच π हा ३.१४१२ पेक्षा मोठा आणि ३.१४२१ पेक्षा लहान. लक्षात घ्या, इथे वापरलेली असमानता तीच आहे जी सुरुवातीला सैल निघाली होती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत. फरक एवढाच की ती पूर्ण फंक्शनवर न लावता फक्त 1/(1 + x²) या अडचणीच्या तुकड्यावर लावली, आणि सोबत असं फंक्शन ठेवलं जे स्वतःच इवलंसं आहे. x(1 − x) कधीच १/४ च्या वर जात नाही, त्याचा चौथा घात तर १/२५६ च्या वर नाही.

हाच खेळ चौथ्या घाताऐवजी आठव्या घाताने खेळला आणि ४ ने भागलं तर π − 47171/15015 मिळतं. या वेळी अपूर्णांक π च्या खालच्या बाजूला पडतो, आणि याच असमानतेने दोघांमधलं अंतर 1/875160 पेक्षा कमी आहे हे निघतं.