"ताई, आमच्यात कागद कशाला?"

आज सकाळी गल्लीतली दोन पोरं घरी आली होती. दोघं मिळून तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करताहेत. लॅपटॉपवर ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा हलता कच्चा आराखडा, दाखवलं, खरंच छान जमलंय. मी सहज विचारलं, "नावं कशी लावणार? मालकी कुणाची? पैसे आले तर?" दोघं एकमेकांकडे बघून हसले. "ताई, आमच्यात कागद कशाला?"

तेव्हापासून डोकं तापलंय. कारण हेच वाक्य मीही बोलले होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमची साळुंकी आठवत असेल. हरिपूरच्या संगमावरची, हळदीच्या पेवाभोवती फिरणारी. चार मिनिटांची फिल्म, सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे २,८८०. चित्रं सगळी माझी. गोष्ट, आवाज, संपादन माझ्या मित्राचं. ठरलं काय होतं, तर "सगळं अर्धं-अर्धं". एवढंच.

मग एक दिवस वाण्याकडे हळदीच्या पुडीवर माझी साळुंकी दिसली! मित्राने परस्पर होकार दिला होता. चाळीस हजार आले होते. त्यातले वीस त्याने त्याच संध्याकाळी मला पाठवले, हे खरं आहे. पण मला विचारलं नाही. पुडीवर नावही नाही. भांडणात तो म्हणाला, "फिल्म आपली आहे ना?"

इथेच घोटाळा होतो. फिल्म वेगळी आणि त्यातलं पात्र वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा कर्ता चित्रकार असतो, आणि फिल्मचा कर्ता निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. आम्ही तर महोत्सवाच्या फॉर्मवर निर्माता म्हणून त्याचं एकट्याचं नाव घातलं होतं, का, तर फॉर्म तो भरत होता! रात्र-रात्र जागून काढलेली चित्रं माझी, आणि फॉर्मवर मी कुठेच नाही. आठवलं की अजून घशाशी येतं.

म्हणून पोरांना बसवलं आणि कागद काढला. आधी श्रेयनामावली, अक्षरन् अक्षर: "निर्मिती व दिग्दर्शन" खाली दोघांची नावं, आडनावाच्या क्रमाने. पोस्टर, महोत्सवाचा फॉर्म, यूट्यूबचं वर्णन, सगळीकडे हीच ओळ. एकाने मध्येच सोडलं तरी केलेल्या कामाचं नाव राहणार. मग मालकी: फिल्म दोघांची निम्मी-निम्मी, मूळ फाइल्सची प्रत दोघांकडे. महोत्सवाला पाठवायचं तर एकाने कळवलं की पुरे. पण पात्र फिल्मबाहेर कुठेही, पुडीवर, टी-शर्टवर, पुस्तकात वापरायचं तर दोघांचा लेखी होकार हवा. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. आणि बाहेरच्या कुणाला हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहायचाच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

हो, कागद काढला की मैत्रीत जरा अवघडल्यासारखं होतं. मान्य. पुडी बघून जे झालं त्यापेक्षा परवडलं.

पैशाचं कलम समजावताना मी उदाहरण आमचंच घेतलं. आलेल्या रकमेतून आधी ज्याने खिशातून खर्च केला त्याला तो परत, मग उरलेलं निम्मं-निम्मं. यूट्यूबचं खातं एकाच्या नावावर असलं तर दर तीन महिन्यांनी हिशेब दाखवायचा, पैसे पंधरा दिवसांत द्यायचे. पोरगा म्हणाला, "ताई, आकडे घालून दाखवा." घातले. आले ४०,०००. रेकॉर्डिंगचे १८,००० मित्राने भरले होते, महोत्सवांची फी ७,००० मी. ते वजा जाता उरले १५,०००, प्रत्येकी साडेसात. म्हणजे त्याचे २५,५०० आणि माझे १४,५००.

आणि त्याने मला वीस हजार दिले होते.

पेन तसंच हातात राहिलं. एवढी वर्षं मी सांगत आले की त्याने मला फसवलं. त्याने रेकॉर्डिंगचा खर्च कधी काढलाच नाही. "अर्धं-अर्धं" म्हणजे त्याला तेच कळलं होतं, आणि तेच त्याने पाळलं. विचारलं नाही, ते चुकलंच, त्यावर मी आजही ठाम आहे. पण साडेपाच हजार माझ्याकडे जास्त आलेत.

पोरं कच्चा कागद घेऊन गेली, रविवारी दोघं सही करून आणणार आहेत. मी त्याचा नंबर काढून बसलेय. आधी साडेपाच हजारांचं बोलणार, मग साळुंकीखाली नावं कुणाची लागायची ते. या वेळी लिहून.